मीटर थांबला, टाकी उतरली

लपलेली गळती शोधण्याची एक जुनी, खात्रीची रीत आहे. घरातले सगळे नळ बंद करायचे, कोणी पाणी वापरणार नाही एवढे बघायचे आणि मीटरसमोर जाऊन उभे राहायचे. काटा हलला नाही तर पाइप धड आहेत. हलला तर पाणी कुठेतरी जात आहे. मग घरातले व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायचे. ज्या व्हॉल्व्हबरोबर काटा थांबेल, त्याच्या पलीकडे गळती.

ही रीत घराघरात पोचण्याआधी शहराच्या पातळीवर सिद्ध झाली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराचे जल-अभियंता जॉर्ज डीकन यांनी १८७३ साली एक मीटर तयार केला. वाहत्या पाण्याचा चढउतार तो कागदावर सतत नोंदवत असे. रात्री गाव झोपले की एखाद्या भागाचे व्हॉल्व्ह एकामागून एक बंद करायचे, आणि कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवताच कागदावरची रेघ खाली आली ते पाहायचे. त्या वेळी लिव्हरपूलला पाणी ठरावीक तासच मिळत होते. गळत्या शोधून बुजवल्यावर चोवीस तास पाणी देणे पुन्हा शक्य झाले. आजही पाणीखात्याचे लोक रात्री हेच करतात.

पण ही रीत पनवेलमध्ये जशीच्या तशी चालत नाही. कारण साधे आहे. मीटरमागे चोवीस तास दाबाखालचे पाणी उभे असेल तरच मीटर गळती दाखवू शकतो. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरसारख्या, चोवीस तास पाणी देणाऱ्या गावात ती पुस्तकात लिहिल्याप्रमाणे करता येते. पनवेलचे तसे नाही. जुन्या शहराची भिस्त गाढी नदीवरच्या देहरंग धरणावर. उन्हाळ्यात ते तळ गाठते आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या पाण्यावर भागवावे लागते. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती सिडकोने वसवल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि हे सगळे एका छत्राखाली आले, तरी नळाला पाणी येते ते ठरलेल्या वेळीच, आणि मे महिन्यात तेही कमी. म्हणून इथल्या प्रत्येक घराने स्वतःची छोटी पाणीपुरवठा योजना उभारली आहे. मीटरमधून आलेले पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात आणि तिथून ते आपल्या वजनाने खाली नळांना येते.

म्हणजे मीटर आणि न्हाणीघरातला नळ यांच्यामध्ये दोन टाक्या आणि एक पंप आहे. भिंतीतला पाइप रात्रभर गळत असला तरी मीटर ढिम्म राहतो, कारण त्या वेळी रस्त्यावरच्या लाइनलाच पाणी नसते. सकाळी पाणी सुटले की गेलेले सगळे पाणी मीटरमधून जोरात भरले जाते आणि युनिट बिनचूक चढतात. बिल खरे येते, पण पाणी कुठे गेले ते मीटरला सांगता येत नाही. सगळे नळ बंद करून मीटर पाहिला, काटा स्थिर दिसला आणि घरात गळती नाही असा निष्कर्ष काढला, असे इथे वारंवार होते. खरे तर तेवढ्यावरून फक्त मीटरपासून खालच्या टाकीपर्यंतचा पाइप तपासला गेलेला असतो.

पुढची तपासणी कशी करायची ते एका घरावरून पाहू. समजा, नवीन पनवेलमधले एकमजली रो-हाऊस आहे. अंगणात १५ मिलिमीटरचा मीटर, ओट्याखाली टाकी, गच्चीवर हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी. पूर्वी पंप दिवसातून एकदा लावला की भागत असे, आता संध्याकाळी दुसऱ्यांदा लावावा लागतो. बिलात महिन्याला पाचेक युनिट वाढली आहेत, म्हणजे पाच हजार लिटर. तळमजल्याच्या स्वयंपाकघरात माळ्याच्या कोपऱ्यात ओल आली आहे. अशा वेळी पहिला सल्ला येतो तो, ‘काका, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या’. डिसेंबर महिना आहे आणि दोन महिने पाऊस नाही. मग गच्चीतून कोणते पाणी झिरपणार? पण डाग छताजवळ दिसला की संशय वर जातो. यातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. घरे मात्र नेमकी अशीच असतात.

सुरुवात मीटरपासूनच करायची. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे त्याच्याकडे लक्ष देऊ नका. रिकाम्या लाइनमध्ये साठलेली हवा पाण्यापुढे ढकलली जाते आणि तिच्याने मीटर भन्नाट फिरतो. हवा निघून धार सलग झाली की आधी मीटर खरे बोलतो का ते पाहा. वीस लिटरची बादली अंगणातल्या थेट नळावर पाच वेळा भरा. शंभर लिटर म्हणजे युनिटचा दहावा भाग, तेवढाच आकडा पुढे सरकायला हवा. मीटर अडकलेला असेल तर पुढची सगळी परीक्षा व्यर्थ आहे. मग अंगणातला नळ बंद करा आणि खालच्या टाकीचा बॉल कॉक दांडी उचलून सुतळीने वर बांधून ठेवा, म्हणजे टाकीत पाणी येणार नाही. आता मीटरवर पाहायचे ते काळे आकडे नाहीत. तबकडीवर लाल काटे असतात आणि मध्ये एक बारीक दातेरी चक्र असते. धार कितीही कमी असली तरी सर्वांत आधी हलते ते हे चक्र. त्याच्या एका दातासमोर काचेवर पेनाने खूण करा आणि पंधरा मिनिटे थांबा.

चक्र सरकले तर गळती मीटर आणि खालच्या टाकीच्या मध्ये, बहुधा जमिनीत आहे. याची आणखी एक खूण असते. रोज पाणी सुटताना पहिली बादली गढूळ येते. लाइन रिकामी होताना पाइपात निर्वात होतो आणि गळतीच्या भोकातून बाहेरची माती व घाण पाणी आत ओढले जाते. शेजाऱ्यांकडे पहिले पाणी स्वच्छ आणि आपल्याकडेच गढूळ येत असेल तर पाण्याच्या नासाडीपेक्षा मोठी भीती पोटाच्या आजारांची असते, आणि तो पाइप त्याच आठवड्यात उकरला पाहिजे. खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसलेल्या भागात जमीन हळूहळू बसते, त्यामुळे सांधे उघडतात आणि हा प्रकार जास्त दिसतो.

आपल्या रो-हाऊसमध्ये चक्र हलले नाही. तेव्हा मीटर बाजूला ठेवून दोन टाक्यांकडे वळायचे. आता मीटरचे काम टाकीतली पाण्याची पातळी करणार आहे.

रात्री सगळे झोपायच्या वेळी पंप बंद ठेवा, नळ बंद करा आणि दोन्ही टाक्यांतली पातळी मोजून लिहा. खालच्या टाकीत कोरडी काठी उभी टाकून ओलीची खूण पाहता येते. वरच्या टाकीत तोंडाच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने घ्यावे. किती सेंटिमीटर म्हणजे किती लिटर, हे टाकीच्या आडव्या क्षेत्रफळावरून निघते. खालची टाकी दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे २५ लिटर. वरच्या गोल टाकीचा व्यास सुमारे १०५ सेंटिमीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेआठ लिटर. हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण वरच्या टाकीत सहज दिसणारी घट खालच्या टाकीत डोळ्यांना जाणवत नाही.

रात्री अकराला मोजले, सकाळी सहाला पुन्हा मोजले. खालची टाकी होती तिथेच. वरची सहा सेंटिमीटर उतरली. म्हणजे सात तासांत पन्नासच्या आसपास लिटर, तासाला साधारण साडेसात लिटर आणि दिवसाला १८० लिटर. महिन्याचे होतात ५,४०० लिटर. बिलातल्या वाढीशी हिशेब जुळला. तो जुळला याचा अर्थ असा की आणखी कुठे मोठी गळती लपलेली नाही. हा पडताळा न घेता भिंत फोडायला घेऊ नये.

तासाला साडेसात लिटर ही धार मीटरच्या दृष्टीने फार बारीक आहे. भारतीय मानक ७७९ प्रमाणे १५ मिलिमीटरच्या ‘बी’ वर्गाच्या घरगुती मीटरने तासाला ३० लिटरपर्यंतची कमी धार पाच टक्के चुकीच्या आत मोजणे अपेक्षित आहे. त्याखाली मीटर कमी दाखवू लागतो आणि आणखी खाली गेले की चक्र हलायचेच थांबते. म्हणजे या घरात चोवीस तास थेट पाणी असते, तरी जुन्या, झिजलेल्या मीटरने ही गळती दाखवली असतीच असे नाही. थेंब थेंब गळणारा नळ दिवसाला दहा-वीस लिटर घालवतो, पण तासाला लिटरभरही होत नाही. तो मीटरवर दिसण्याची आशाच नको.

दुसऱ्या रात्री हीच मोजणी पुन्हा करायची, पण गच्चीवरच्या टाकीतून खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून. टाकी तरीही उतरली तर दोष टाकीत आहे किंवा पंपाच्या चढत्या पाइपात. त्या पाइपाचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेले असेल आणि पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर वरचे पाणी गुपचूप खाली परत येते. वरची टाकी उतरते, खालची तेवढीच चढते आणि पाणी मात्र कुठेच गेलेले नसते. म्हणूनच दोन्ही टाक्या एकाच वेळी मोजायच्या. आपल्या घरात व्हॉल्व्ह बंद केल्यावर टाकी रात्रभर जागची हलली नाही. गळती त्या व्हॉल्व्हच्या खाली, घरातल्या पाइपात आहे.

अजून भिंतीवर संशय घ्यायची वेळ आलेली नाही. घरातली सर्वांत सामान्य मूक गळती फ्लश टँकची असते. आतले रबर झिजते आणि पाण्याचा पातळ पापुद्रा कमोडच्या कडेने आवाज न करता वाहत राहतो. टँकमध्ये खायचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका आणि भांड्यात रंग उतरला का ते पाहा. त्यानंतर फ्लश, जेट स्प्रे, वॉश बेसिन, वॉशिंग मशिन, जिथे जिथे अँगल कॉक आहे तिथे तो बंद करून टाकीची मोजणी पुन्हा करा. टाकी उतरायची थांबली तर गळती दिसणाऱ्या जागीच आहे, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या रबराने काम होईल. बऱ्याच घरांचा शोध इथेच संपतो. आपल्या घरात ती उतरतच राहिली.

आता प्रेशर गेज. पॅरिसचे यूजीन बोर्दों यांनी १८४९ साली शोधलेले हे साधन आतून अगदी साधे आहे. चपटी, वाकवलेली, एका टोकाला बंद असलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती थोडी सरळ होऊ पाहते, आणि तिच्या टोकाची ती हालचाल दात्यांमधून काट्यापर्यंत पोचते. आपले प्लंबर दाब किलोत बोलतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर इतके किलो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ एक किलो दाब देतो. हे एकच प्रमाण ध्यानात ठेवले तर गेजवरचा आकडा म्हणजे थेट उंची असते. काटा ०.७० वर असेल तर वरचे पाणी गेजपासून सात मीटर उंचावर आहे. या कामासाठी शून्य ते एक किंवा फार तर दीड किलोचा गेज घ्यावा. सोळा किलोच्या गेजवर आपला सगळा खेळ पहिल्या घराच्या आत संपेल आणि काहीच वाचता येणार नाही.

घराची उंची अशी धरू. तळमजल्याची फरशी शून्य, पहिल्या मजल्याची फरशी ३.२ मीटरवर, गच्ची ६.४ मीटरवर. टाकीतून निघालेला पाइप गच्चीवरून आडवा जातो, तो ६.५ मीटरवर. त्याला दोन उभे पाइप जोडलेले आहेत, एक न्हाणीघरांसाठी, एक स्वयंपाकघरासाठी. प्लंबर त्यांना डाऊन टेक म्हणतात. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच हवेचा उभा पाइप आहे, टाकीपेक्षा उंच आणि वर उघडा. टाकीतल्या पाण्याची पातळी ७.५ मीटर.

तळमजल्याच्या न्हाणीघरातला जेट स्प्रे काढून त्याच्या अर्ध्या इंची आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून गेज बसवला. तो फरशीपासून अर्धा मीटर उंच आहे, म्हणून काटा ०.७० दाखवतो. स्वयंपाकघराच्या नळाच्या जागी दुसरा गेज, एक मीटर उंचीवर, तिथे ०.६५. दोन्ही आकडे उंचीशी जुळले, म्हणजे गेज खरे आहेत. आता सगळे नळ बंद असल्याची खात्री करून गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घड्याळ लावायचे.

इथून पुढे काटा कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. टाकीचा पुरवठा तुटला, पण गळती चालूच आहे. तिला पाणी मिळते ते हवेच्या पाइपातून. हा पाइप आतून २५ मिलिमीटर असेल तर त्यात मीटरभर उंचीला अर्धा लिटर पाणी असते. मिनिटाला सव्वाशे मिलिलिटर गळती म्हणजे चार मिनिटांत एक मीटर. टाकीत रात्रभर थांबून जे दिसले, ते इथे चहा उकळेपर्यंत दिसते. दोन्ही काटे एकदमच उतरतात, न्हाणीघराचा ०.६० वर आणि स्वयंपाकघराचा ०.५५ वर, आणि तिथे दोन्ही थबकतात. गळती थांबली असे वाटून इथे गेज काढून टाकण्याचा मोह होतो. पण पाण्याची पातळी आता फक्त गच्चीवरच्या आडव्या पाइपात आली आहे. सहा मीटर लांबीच्या त्या पाइपात तीन लिटर पाणी आहे. ते संपायला वीस-पंचवीस मिनिटे लागणार, आणि पाइप आडवा असल्यामुळे तोवर उंची बदलणार नाही.

आडवा पाइप रिता झाला की दोन्ही काट्यांची फारकत होते. स्वयंपाकघराचा काटा ०.५५ वर तसाच उभा राहतो, कारण त्याचा उभा पाइप शाबूत आहे आणि त्यातले पाणी वर चढून दुसरीकडे जाऊ शकत नाही. न्हाणीघराचा काटा मात्र पुन्हा उतरू लागतो. एका झटक्यात अर्धे घर संशयातून बाहेर पडले. स्वयंपाकघरात ओल दिसते खरी, पण स्वयंपाकघराचा पाइप निर्दोष आहे.

न्हाणीघराचा काटा उतरता उतरता मंदावतो आणि पाऊण तासाच्या आसपास ०.३८ वर येऊन कायमचा थांबतो. तो शून्यावर का गेला नाही? पाण्याची पातळी गळतीच्या भोकापर्यंत आली की त्याखालचे पाणी बाहेर पडू शकत नाही. म्हणजे काटा जिथे थांबला ती गळतीची उंची. ०.३८ म्हणजे गेजपासून ३.८ मीटर, गेज अर्धा मीटर वर, एकूण ४.३ मीटर. पहिल्या मजल्याची फरशी ३.२ वर. गळती पहिल्या मजल्याच्या न्हाणीघरात, फरशीपासून १.१ मीटर उंचीवर. त्या भिंतीवर त्या उंचीला काय आहे ते पाहिले की शॉवरचा डायव्हर्टर समोर येतो.

हवेचा पाइप नसेल तर ही परीक्षा फसते. वरून हवा मिळाली नाही तर पाण्याचा स्तंभ निर्वातावर लटकून राहतो आणि काट्याचा आकडा उंचीशी जुळत नाही. अशा वेळी गच्चीवरच्या आडव्या पाइपाचे एखादे प्लग किंवा युनियन उघडून हवेला वाट द्यावी. दुसरा धोका खुद्द व्हॉल्व्हचा. वर्षानुवर्षे न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, टाकीचे पाणी आत येत राहते आणि काटा मध्येच कुठेतरी तरंगतो. ओळखायचे असे, की काटा थांबल्यावर खालचा एखादा नळ क्षणभर उघडून बंद करावा. काटा खाली जाऊन पुन्हा वर चढू लागला तर व्हॉल्व्हच गळतो आहे.

उंची कळली, पण डायव्हर्टरला गार आणि गरम असे दोन पाइप येतात, आणि दोन्ही टाइल्समागे आहेत. परीक्षा पुन्हा पहिल्यापासून लावा, या वेळी गीझरच्या आत जाणारा अँगल कॉक बंद करून. गरम पाण्याच्या पाइपाला दुसरीकडून पाणी मिळत नाही, त्यामुळे गळती तिकडे असेल तर काटा आता आडव्या पाइपाच्या पातळीवरही उतरणार नाही. तो ०.७० वरच खिळून राहिला. गळती गरम पाण्याच्या पाइपात आहे.

शेवटची खात्री हातपंपाने करतात. प्लंबरकडे लहानशी टाकी आणि दांडा असलेला टेस्टिंग पंप असतो, त्यावर दहा किलोचा गेज. गीझर आणि मिक्सर सुटे करायचे, पाइपाच्या सगळ्या तोंडांना प्लग मारायचे, आत पाणी भरून हवा पूर्ण काढायची आणि पाच किलोपर्यंत दाब चढवायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून या परीक्षेची तीक्ष्णता विलक्षण असते. एका न्हाणीघराच्या पाइपांत लिटर-दोन लिटर पाणी मावते. पाइपाचे थोडेसे फुगणे धरले तरी पाच किलोचा दाब पूर्ण उतरायला लहान चमचाभर पाणी बाहेर जाणे पुरते. जी गळती मीटरला महिनाभर दिसली नसती, ती इथे मिनिटा-दोन मिनिटांत काटा पाडते. पण ही तीक्ष्णता हवेने बोथट होते. पाइपात हवेचा फुगा राहिला तर तो दबून बसतो, थोडे पाणी गेले तरी दाब टिकवून धरतो आणि गळका पाइप पास होतो. आठ-दहा दांडे मारूनही काटा सावकाश चढत असेल तर आत हवा आहे किंवा गळती मोठी आहे. दांडा थांबवल्यावर काटा जागेवर राहिला तर हवा, कोसळला तर गळती. ऊनही फसवते. गच्चीवरचा पाइप तापला की आतला दाब आपोआप चढतो आणि सावली आली की उतरतो, म्हणून ही परीक्षा सकाळी लवकर घ्यावी.

आपल्या घरात गार पाण्याच्या पाइपाने पाच किलो अर्धा तास धरून ठेवले. गरम पाण्याचा पाइप दोन किलोच्या वर गेलाच नाही, दांड्यावरचा हात थांबला की काटा शून्याकडे. १.१ मीटर उंचीची एकच टाइल काढली. मागे पितळी आट्यांचा सीपीव्हीसी एल्बो होता आणि आट्यांच्या गळ्याशी केसाएवढी चीर. बसवताना पान्याने जास्त आवळला की पितळ प्लास्टिकला आतून ताणते, आणि रोजच्या गरम-गार पाण्याने ती चीर वर्षा-दोन वर्षांत उघडते. तिथून निघालेले पाणी टाइल्समागून स्लॅबवर उतरले, स्लॅबच्या उताराने सरकले आणि खालच्या माळ्याच्या कोपऱ्यात प्रकट झाले.

इथे एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. टाकी, मीटर आणि गेज हे तिघेही फक्त दाबाखालच्या पाइपांबद्दल बोलतात. नहाणी ट्रॅप, कमोडचा सांधा, सांडपाण्याचा पाइप यांत दाब नसतो आणि पाणी वापरतानाच वाहते. टाकी रात्रभर स्थिर, काटा स्थिर आणि तरी ओल वाढतेच आहे, असे झाले तर दोष तिकडे आहे. मग नहाणी ट्रॅपला बूच मारून न्हाणीघरात दोन-तीन सेंटिमीटर पाणी दिवसभर साठवून खाली पाहायचे. पावसाळ्यात तर यांतले काहीच ठामपणे सांगता येत नाही. पनवेलच्या पावसात भिंती बाहेरून भिजतात आणि जमिनीतले पाणी वर आल्याने खालच्या टाकीची पातळीच चढते. ही सगळी मोजणी दिवाळीनंतर करावी.

सोसायटीत हेच काम मोठ्या मापाने होते. एका डाऊन टेकवर पाच-सात घरे असतात, त्यामुळे रात्री दोन ते चार या वेळेत सगळ्यांना पाणी बंद ठेवायला सांगावे लागते. काटा जिथे थांबतो त्या उंचीवरून मजला निघतो, आणि मजला निघाला की कोणाच्या घरात फोडायचे या वादाला मोजमापाचा आधार मिळतो.

नवा एल्बो चिकटवल्यावर सोल्युशन वाळायला एक रात्र द्यावी आणि टाइल बसवण्याआधी पाच किलोचा दाब पुन्हा अर्धा तास धरून पाहावा. मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून उंचीची परीक्षाही पुन्हा घ्यावी. एकाच उभ्या पाइपावर दोन गळत्या असतील तर काटा वरच्या भोकापर्यंत भरभर उतरतो, तिथून पुढे मंद होतो आणि खालच्या भोकाशी थांबतो. वेग नेमका कुठे बदलला ते दर दोन मिनिटांनी आकडा लिहून ठेवला तरच कळते. म्हणून पहिल्या परीक्षेपासूनचा कागद जपून ठेवायचा आणि दुरुस्तीनंतरचे आकडे त्याच्याच शेजारी लिहायचे.